भैयाजीच्या नावाचं खातं

कुरखेड्याच्या राईस मिलमध्ये एकोणीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या सरिताबाई मेश्राम चुकत नाहीत, असा गावात बोलबाला होता. म्हणूनच, चुकल्या तेव्हा चांगल्याच चुकल्या.

झालं असं. मिलनं चिमूरच्या भैयाजींकडून बारदाना, म्हणजे रिकामी पोती, घेतला होता, त्याचे तीन लाख बारा हजार द्यायचे होते. उलट मिलनं दिलेल्या कणकीचे, म्हणजे तुकडा तांदळाचे, दोन लाख ऐंशी हजार चिमूरहून यायचे होते. मालक गुणवंतरावांच्या खात्यात जेमतेम सव्वातीन लाख. ते भैयाजींना दिले, तर शनिवारी हमालांना काय द्यायचं? आणि नाही दिले, तर ऐन धानाच्या हंगामात पोती बंद.

सरिताबाईंनीच तोड काढली. पत्र लिहिलं: दोन्ही बाजूंच्या बिलांचे नंबर, तारखा, रकमा, दोन लाख ऐंशी हजार परस्पर वळते करावेत, उरलेले बत्तीस हजार आम्ही बँकेतून पाठवतो, मान्य असल्यास सही-शिक्का करून एक प्रत परत करावी. गुणवंतराव खुश! "बाई, तुमी मले वाचवलं."

त्यांची सही घेऊन पत्र पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी, फाईलला जोडायला कणकीची बिलं काढताना, बाईंना आपली चूक दिसली. बिलं भैयाजींच्या फर्मची नव्हतीच. वर छापलेलं: उर्वशी पशुखाद्य. जीएसटी नंबरही वेगळा. कणकी उचलायला टेम्पो यायचा भैयाजींचा, फोन यायचा त्यांच्या ड्रायव्हरचा, म्हणून बाईंनी वर्षानुवर्षं सगळं 'भैयाजी' या एकाच खात्यात टाकलेलं. आपल्याकडे सगळे असंच करतात हो, माणूस ओळखीचा म्हटलं की फर्म कोण बघतं! पण देणं एका फर्मला आणि येणं दुसऱ्या फर्मकडून, ते परस्पर कसं कापणार?

गप्प बसता आलं असतं. रात्रभर त्यांनी तोच विचार केला आणि सकाळी सांगून टाकलं. गुणवंतरावांचा चेहरा पडला. त्यांनी तिथूनच भैयाजींना फोन लावला.

"अरे त्यात काय!" भैयाजी हसले. "तिघांच्या सहीचा कागद करा. मिल, मी आन् उर्वशी. तिचं देणं मी माझ्या अंगावर घेतो. मले तर बरंच हाये."

ते 'बरंच' बाईंना खटकलं, पण शनिवार तीन दिवसांवर होता. नवं पत्र टाईप केलं, त्यावर गुणवंतरावांची सही घेतली आणि वडसा, ब्रह्मपुरी करत एसटीनं चिमूर गाठलं. भैयाजींनी चहाही न पाजता सही ठोकली. उर्वशीबाई मात्र तिथं नव्हत्या. तीन वर्षांपासून त्या नवऱ्यापासून, म्हणजे भैयाजींपासून, वेगळ्या, गावाबाहेरच्या गोदामातच राहत होत्या. भैयाजींचा टेम्पोसुद्धा भाडं मोजून घ्यायच्या.

सरिताबाई गोदामात पोचल्या तेव्हा उर्वशीबाईंनी हात पुसून पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी तुमाले काई देणं नाई लागत. त्याले लागतो."

"हो बाई."

"दोन लाख ऐंशी हजार."

"हो."

 

"पेन द्या," उर्वशीबाई म्हणाल्या. "तुमचं देणं थकलं, चूक माही हाये. करतो सही. पण सरिताबाई, तुमच्या मिलच्या दारात मान खाली घालून उभं राहता येते. त्याच्या दारात एकदा उभी राहिली, तर मले तो बाहेर येऊ देईन का?"

सरिताबाईंनी पेन दिला नाही. कागद घडी घालून पिशवीत टाकला. हमालांची तोंडं डोळ्यांपुढं येत होती, तरी टाकला. "आज किती देता येते, बाई?"

उर्वशीबाईंनी मोबाईलवरून मिलच्या खात्यात एक लाख टाकले. बाकीचे दर महिन्याला साठ हजार, असं लिहून सही-शिक्का दिला.

स्टँडवरून सरिताबाईंनी गुणवंतरावांना फोन केला. एक लाख आले, तिघांच्या सहीचा कागद झाला नाही, एवढं सांगितलं.

"काय बाई, तिनं नाई म्हटलं का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं तेव्हा!

"तिनं नाई म्हटलं नाई, भाऊ. मीच कागद परत घेतला. माहा पगार थांबवा, हमालाचा नको."

 पलीकडून फोन कट झाला.

शुक्रवारी भैयाजींना तीन लाख बारा हजार पूर्ण गेले. शनिवारी हमालांची मजुरी एक पैसा न कापता झाली. सरिताबाईंचा पगार मात्र पुढचे दोन महिने झाला नाही. त्यांनीही मागितला नाही.