साहेबांची खुर्ची आणि इंद्रधनुष्य

"१२ जानेवारी. विज्ञान प्रदर्शन. मुख्याध्यापकांना इंद्रधनुष्य दिसेना." डायरीत एवढं लिहून विज्ञानाच्या बाईंना हसू फुटलं.

फोटो उजळ यावा म्हणून मुख्याध्यापक साहेबांनी खुर्ची सकाळच्या उन्हाकडे तोंड करून मांडली होती. सातवीतली चष्मेवाली मुलगी समोर नळीने बारीक फवारा उडवत होती. साहेब डोळे किलकिले करून म्हणाले, "नुसतं पाणी आहे. प्रयोग बाद." पोरीचा चेहरा पडला.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या.

"सर, ऊन थेंबात शिरताना वाकतं. प्रत्येक रंग कमीजास्त वाकतो, म्हणून रंग सुटे होतात. थेंबाच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून ते मागे फिरतात आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतात. उजेड सूर्याच्याच बाजूला परत येतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी हवा."

"म्हणजे मी उठायचं?"

"छे, आपण कशाला उठता? खुर्ची फिरवू," बाई म्हणाल्या.

खुर्ची फिरली, पोर फवारा घेऊन पलीकडे गेली, आणि साहेबांसमोर रंगीत कमान उभी राहिली. प्रयोग वाचला. फोटोत मात्र साहेबांचं टक्कल तेवढं उजळ आलं.

बाईंनी पुढे लिहिलं, "फवाऱ्यात भिजलेली साडी गॅलरीत वाळत घातली. काठ अजून ओलाच आहे."