अक्का आणि माझ्या पैठणीची घडी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या पदराची उलटी बाजू बघणारी बाई साऱ्या जगात एकच होऊन गेली, आणि ती नेमकी माझ्या नशिबी नणंद म्हणून आली. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, आमची अक्का. तुझ्या लग्नात माझी पैठणी नेसायची म्हणतेस, तेव्हा अक्काबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. फोनवर मला ते जमलं नसतं.

अक्काचं सासर आपल्या कळसाडी गावातच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. कुणाच्याही लग्नात ती आधी नवरीपाशी जायची, पदर उचलून उलटा करायची आणि निकाल द्यायची. एकदा शहाद्याला तर वरमाईच्याच पदराला हात घातला. मागे धागे लोंबत होते. “हाई मशीननी शे,” असं ती भर मांडवात म्हणाली. वरमाई जेवण होईपर्यंत कुणाशी बोलली नाही, आणि मी अक्काला ओळखत नाही असं दाखवत मठ्ठा वाढत राहिले. पण तिचं चुकत नव्हतं गं. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाची वेगळी बारीक तिल्ली, म्हणजे धाग्याची कांडी असते, एक धागा दुसऱ्यात अडकवत नक्षी भरतात, म्हणून मोर मागूनही तसाच दिसतो.

माझी पैठणी वडिलांनी येवल्याहून आणलेली. नऊवार. उभा धागा निळा, आडवा लाल, त्यामुळे उन्हात वांगी आणि सावलीत जांभळी दिसायची. काठ नारळी, म्हणजे जरीत ओळीनं टोकदार नारळ विणलेले. अंगभर छोट्या बुट्ट्या. पदर मात्र सगळा जरीचा, त्यावर बांगडीसारख्या गोलात चार मोर, भोवती आसावलीची फुलवेल, आणि कडेला चोचीत पान धरलेल्या हिरव्या मुनिया. त्यांतल्या एका मुनियेची चोच लाल नाही, पिवळी आहे. ते शोधलं अक्कानंच, मी सासरी आले त्याच आठवड्यात. मी हिरमुसले, तर ही खूश. “चुकी शे, म्हणजे हातनी शे.” पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला ती पिवळी चोच अशी दाखवायची, जणू मुनिया तिनंच पाळली होती.

दर दिवाळीनंतर ती हात धुऊन, पुसून, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून यायची. चटईवर पैठणी उलगडायची, सावलीत वारा द्यायची, जुनी घडी मोडून नवी घालायची. गेल्या वर्षी तिघडी तर यंदा चौघडी. मग धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी शेजारी. डांबरगोळी जवळ आणू द्यायची नाही, पदराची जर काळी पडते म्हणून. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाली, “एकाच कुशीवर निजी निजी पाठ दुखस, वहिनी. रेशीमनं बी तसंच शे.”

मला याचा जाच व्हायचा. माझ्या माहेरची वस्तू आणि हिचीच मालकी! तुझी आई नवी नवी आली, त्या दिवाळीत अक्कानं मला न विचारता तिच्यापुढे पैठणी उलगडली आणि बोट ठेवून काठ समजावायला बसली. माझं डोकं फिरलं. मी पैठणी तिच्या हातातून घेतली, होती तशी घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या टाकून लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. अक्का बांगड्या उचलून घरी गेली.

त्यानंतर तिनं किल्ली कधी मागितली नाही. दर दिवाळीला ओट्यावर बसून फक्त विचारायची, “घडी बदली का, वहिनी?” मी हो म्हणायचे. शेवटच्या दुखण्यात तोंडाला चव नव्हती, माणसं ओळखू येत नव्हती, तेव्हाही तिनं मला तेच विचारलं. तेव्हाही मी हो म्हटलं. तिचं समाधान झालं.

परवा तुझा फोन ठेवला आणि कपाट उघडलं. सोनू, पैठणी हातात घेतली तर त्याच जुन्या घडीवर जागोजाग फाटलेली. मोरांच्या माना चिरल्यात, जर काळवंडलीय. पिवळ्या चोचीची मुनिया तेवढी धड आहे. मी खाली बसून रडले. अक्काच्या सुनेला सांगितलं, तर ती म्हणाली, सासूबाईंच्या लग्नात साधं सुती लुगडं होतं, पैठणी त्यांना कधी मिळालीच नाही. इतक्या वर्षांत मला हे विचारावंसं वाटलं नाही. तिला मनासारखी हाताळता आलेली पैठणी एकच, माझी, आणि तीही मी ओढून घेतली.

तू नवी पैठणी घे. घेताना पदर उलटा करून बघ, दुकानदाराला काय वाटायचं ते वाटू दे. दर दिवाळीला घडी बदल. मी फोन करून विचारीन, आणि बदलली नसेल तर नाही म्हण.

तुझी आजी