एक चतुर्थांश गुण

गोपनीय कक्षात शिरताना बाईंनी फोन दारावरच्या खणात ठेवला, वहीत सही केली आणि ‘माझा कोणताही जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही’ या ओळीखाली दुसरी सही केली. ही ओळ वाचली की त्यांना दादा आठवायचा. बसला होता तो, पण तीस वर्षांपूर्वी.

बाई कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि वर्षातून दोनदा स्पर्धा परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीतून मराठीत आणायला इथे यायच्या. खोलीत तिघंच असत: बाई, त्यांचा मजकूर मुळाशी ताडून पाहणारे गणिताचे सर आणि कक्ष अधिकारी.

सकाळ बरी गेली. हवेतली आर्द्रता कोणत्या उपकरणाने मोजतात, असा एक प्रश्न होता.

“आर्द्रतामापक लिहिलं तर उत्तर आपणच सांगून टाकलं,” बाई म्हणाल्या. “चारही पर्याय इंग्रजी नावांनीच लिहू, फक्त अक्षरं आपली.”

सरांनी मान डोलावली. “आणि क्रम हलवू नका. उत्तरतालिका दोन्ही भाषांना एकच आहे.”

दुपारी सूचनांचं पान आलं; एरवी ते बाईंना न दाखवता परस्परच लावलं जाई. अधिकारी म्हणाले, “याला हात लावायची गरज नाही. गेल्या वेळचंच मराठी चिकटवा.”

बाईंनी तरी वाचलं. ‘प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण वजा केले जातील.’

दादाच्या पेपरावरही हेच वाक्य होतं. दोघं भावंडं गच्चीवर अभ्यासाला बसायची. दादा प्रश्न वाचायचा, ती उत्तर द्यायची आणि चुकली की तो डोक्यावर टपली मारायचा. त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा होता. पाव गुणच जातोय ना, म्हणून दादाने न येणारे वीस प्रश्न अंदाजाने ठोकले. दोन बरोबर आले, अठरा चुकले. कापला गेला मात्र अर्धा अर्धा गुण, कारण मूळ इंग्रजीत त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापायचा, असं होतं. चार मिळाले, नऊ गेले. तो दोन गुणांनी राहिला. कोरे सोडले असते तर पार झाला असता. त्याने अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं: मजकुरात तफावत असल्यास इंग्रजी ग्राह्य.

पुढच्या महिन्यात तो लांबच्या एका कारखान्यात नोकरीला गेला. तिथेच रमला म्हणावं, तर तसंही नाही. फोनवर तो हवापाण्याचं बोलायचा आणि ‘एकदा ये ना’ म्हटलं की ‘बघतो’ म्हणायचा.

“हे वाक्य बदलावं लागेल,” बाई म्हणाल्या.

“इतकी वर्षं चाललंय, बाई. कुणाची तक्रार नाही.”

“तक्रार करून दमतात माणसं. सर, तुम्ही मूळ आणि मराठी शेजारी ठेवून सांगा, किती गुण जातात?”

सरांनी दोन्ही पानं जवळ ओढली. थोड्या वेळाने चष्मा काढून म्हणाले, “प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे इंग्रजीत अर्धा. मराठीत पाव.”

अधिकाऱ्यांनी दुरुस्तीचा कागद पुढे सरकवला. बाईंनी लिहिलं: ‘प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाला ठेवलेल्या गुणांच्या एक चतुर्थांश इतके गुण वजा केले जातील.’ पुढे ‘म्हणजे अर्धा गुण’ असंही लिहायला त्यांचं मन धावलं.

“ते मुळात नाही,” सर हळूच म्हणाले. “आपण आहे तेवढंच सांगायचं.”

बाईंनी ते शब्द लिहिले नाहीत. तिघांनी सह्या केल्या, कच्चे कागद यंत्रातून बारीक होऊन गेले.

परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका मुलांच्या हातात पडून सगळ्यांची झाली, तेव्हा बाईंनी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून ती घेतली आणि सूचनांच्या पानाचा फोटो दादाला पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“वाचलं,” तो म्हणाला. “पाचवी सूचना.”

“हं.”

“तू केलंस?”

“ते मला सांगता येत नाही, दादा.”

तो हसला. हे हसणं बाईंनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

“वाक्य लांबलंय जरा,” तो म्हणाला.

“लांबवल्याशिवाय नीट होत नाही ते.”

“हो. नीट झालंय.” पलीकडे कुठेतरी भांडी विसळल्याचा आवाज येत होता. त्याच्या घरात मोरी कुठे आणि खिडकी कुठे, हे आपल्याला ठाऊक नाही, असं बाईंच्या मनात आलं.

“येशील का एकदा?” त्यांनी विचारलं.

“गुडघे धरतात गं आता. बघतो.”

“मी आले तर?”

त्याला हे अपेक्षित नसावं. “तू?” तो म्हणाला, आणि मग, “घर लहान आहे.”

“किती लहान, ते सांग.”

तो सांगू लागला. बाई खुर्ची ओढून बसल्या.