चोरून आणलेलं जगतं

लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा मला दोन गोष्टी येत होत्या, कलमं करणं आणि बढाया मारणं. माहेर कराडचं, वडील शाळेच्या बागेचे माळी, त्यामुळे पहिलं काम बरं जमायचं. दुसरं त्याहून बरं. सासरच्या खळ्यावर नजर पडली आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं की इथे रोपांची नर्सरी होणार. औषधी, स्वयंपाकाची, शोभेची, सगळी.

खळं म्हणजे घरापुढचं अंगण. पाऊस सरला की लाकडी चोपण्यांनी ठोकून ते चोपायचं, शेणानं सारवायचं, वर सुपारीच्या खांबांचा मांडव घालायचा आणि पुढे आठ महिने त्यावर भात, सुपारी, आमसुलं वाळवायची. सासूबाईंचं सगळं राज्य त्या खळ्यावर होतं. पावसात तेवढं ते रिकामं असे. म्हणून त्यांनी मला जूनपासून दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. दसऱ्याला खळं चोपायला घेणार, तोवर नर्सरी चालली तर अर्धं खळं तुझं, नाही तर पिशव्या उचल आणि गप्प सुपाऱ्या सोल.

मी काळ्या पिशव्यांत लाल माती, वाळू आणि कुजकं शेणखत भरलं, अडुळशाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावल्या, पानओवा खोचला, ब्रह्मीच्या वेली पसरल्या. कोलियस आणि गवती चहासुद्धा. गिऱ्हाईक येऊ लागलं, म्हणजे बायका येऊ लागल्या. तुळस विकायची नाही असं सासूबाईंचं सुरुवातीलाच फर्मान होतं, त्यामुळे तुळस मी फुकट द्यायचे. बायका तुळस घ्यायच्या, चहा प्यायच्या आणि जाताना माझ्यासमोर, अगदी गप्पा मारता मारता, पानओव्याची एखादी फांदी, अडुळशाची काडी नाहीतर ब्रह्मीची वेल खुडून पदरात टाकायच्या. मी बघितलं तर म्हणायच्या, चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं हो. विकत घेतलेलं रुसतं. मी मनातल्या मनात जळून खाक व्हायचे.

सप्टेंबरात हातखंब्याकडचे एक वैद्य आले. म्हातारे, कडक. त्यांना दवाखान्याच्या परसात लावायला अडुळसा, पानओवा आणि ब्रह्मीची मुळं धरलेली दहा दहा रोपं हवी होती. तीसची तीस दसऱ्याच्या सकाळी तयार हवीत, एखादं कमी असेल तर एकही नेणार नाही, असं ते म्हणाले. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर मला म्हणाल्या, ही तुझी परीक्षा.

मग मी अकलेचे तारे तोडले. शेजारच्या माडांच्या बुंध्यात सुक्या मासळीची कुटी, म्हणजे चुरा, खत म्हणून पुरतात आणि माड कसे तरारतात, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, माझ्या तीस पिशव्यांनाही खाऊ. कुटी खोल पुरून वर माती दाबायची असते, हे सासूबाईंनी सांगितलं होतं, पण कराडच्या मुलीला मासळीतलं कोण शिकवणार? मी ती मीठ भुरभुरावं तशी वरून भुरभुरली आणि झोपायला गेले.

घटस्थापनेच्या सकाळी खळ्यात आळीतली सगळी मांजरं जमली होती. काही उकरत होती, काही पोट भरून पिशव्यांवर आडवी झाली होती. तीसही पिशव्या फाटलेल्या, अडुळशाच्या नाजूक मुळ्या उन्हात वाळलेल्या, ब्रह्मीचा लगदा झालेला. दसऱ्याला उरले नऊ दिवस आणि नव्या काड्यांना मुळं फुटायला महिना लागतो. मी खळ्यात फतकल मारून रडले. एक बोका माझ्या मांडीवर चढून बसला, तेव्हा रडता रडताच हसू फुटलं.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला: आळीत तुझी किती रोपं गेलीत चोरीला? मी डोळे पुसत मोजायला लागले. ओव्याची फांदी या घरी, अडुळसा त्या घरी, ब्रह्मी तर घरोघर. सगळीकडे टवटवीत, कारण सगळीकडे चोरीची. मी म्हटलं, मागून आणते.

"मागून आणलेलं जगत नाय, गो," सासूबाई म्हणाल्या. "छत्री घे."

नवरात्रात हळदीकुंकवाला घरोघर जायचंच असतं. सासूबाई पुढच्या दारी बसून आळीतल्या यच्चयावत आजारपणांची चौकशी करायच्या आणि मी मागच्या परसात खुरप्यानं मुळासकट रोप काढून मिटलेल्या छत्रीत उभं करायचे. पहिल्या दिवशी पान हललं तरी मी मागे वळून बघायचे. तिसऱ्या दिवशी मी गाणं गुणगुणत होते. वडिलांनी इतकी वर्षं बाग राखली आणि त्यांची लेक परसं लुटत हिंडत होती, आणि खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. घरी आल्यावर रोपं पिशव्यांत लावायची, न्हाणीच्या सावलीत ठेवायची आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

पाचव्या दिवशी एका मास्तरणीबाईंच्या पायरीवर असताना सर आली. मी छत्री घट्ट मिटून भिजत उभी. बाई म्हणाल्या, अगं उघड. मी म्हटलं, नको, मला पाऊस आवडतो. त्यांनी मायेनं छत्री माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच उघडली. ब्रह्मीची चटई, दोन अडुळसे, ओंजळभर लाल माती, सगळं त्यांच्या अंबाड्यावर.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सासूबाई दारातूनच सगळी हकिगत सांगून मोकळ्या झाल्या, मांजरांसकट. मास्तरणीबाई डोक्यावरची ब्रह्मी काढत बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "हातानं दिलं तर तुझ्याकडे जगायचं नाही. मी पाठ करते, तू चोर."

बातमी आळीत माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की बायका उंबऱ्यावर पाठ करून उभ्या राहायच्या आणि मोठ्यानं भिंतीशी बोलायच्या, कोपऱ्यातला अडुळसा बरा फुटलाय हो, कुणी नेऊ नये म्हणजे झालं.

तरीही नवमीच्या संध्याकाळी मोजणी अठ्ठावीसवर अडली. अडुळसे आठच होते. आळीत आता चोरण्याजोगा अडुळसा उरला नव्हता. वैद्यबुवा एक कमी असलं तरी परत जाणारे, आणि इथे दोन कमी. मी खळ्याकडे बघत बसले. उद्या इथे चोपणं घेऊन माणसं येणार आणि माझ्या पिशव्या उचलल्या जाणार, हे मनाशी कबूल करून टाकलं.

सासूबाई न्हाणीमागे गेल्या आणि डालड्याचे दोन डबे घेऊन आल्या. दोन्हींत अडुळसा, माझ्या सगळ्या रोपांपेक्षा उंच, गर्द.

"हे कुणाकडचे?" मी विचारलं.

"तुझेच. जुलैत चोरले." डबे खाली ठेवून त्या हात पुसू लागल्या. "म्हटलं, ही पोर हरली तर पुढच्या पावसाला सुरुवात करायला घरात काहीतरी नको?"

मग त्या आत देवाला दिवा लावायला निघून गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी वैद्यांनी तीसही रोपं पालथी करून मुळं तपासली, मान हलवली आणि नेली. माणसं खळं चोपायला लागली. सासूबाईंनी मध्ये सुतळी धरायला लावली, मग त्या स्वतःच्या अर्ध्याकडून सारवत आल्या आणि सुतळीपाशी थांबल्या. पलीकडची माती तशीच ठेवली. मग माझ्याकडे पाठ करून त्या मांडवासाठी आणलेल्या सुपारीच्या खांबाशी मोठ्यानं बोलत उभ्या राहिल्या, अर्धं खळं मोकळं पडलंय हो, कुणी नेऊ नये म्हणजे झालं.