साकवाच्या नावाने

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. खर्डीला पोस्टाच्या अल्पबचतीची एजंट असताना तालुक्याच्या एका साहेबावर मी असा डूख धरला की तो उतरवेपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूरला आम्हा एजंट बायांची मीटिंग लागली. साहेब फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "समजा सरकार वर्षाला शंभर कमावतं आणि एकशेवीस खर्च करतं. वरचे वीस म्हणजे तूट. ती कर्ज काढूनच भरावी लागते. तुम्ही पोस्टात जमा करता तो पैसा दिल्लीला जातो आणि त्यातला मोठा वाटा आपल्या राज्याला कर्ज म्हणून मिळतो. म्हणून जोरात खाती उघडा."

मी उभी राहिले. आमच्या वरच्या पाड्याला ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, नव्हता. पावसाळ्याचे चार महिने पोरं खर्डीच्या शाळेत येऊ शकत नव्हती. मी म्हटलं, "साहेब, मग त्या कर्जातून आमचा साकव होईल?"

"का नाही होणार? टार्गेट पुरं करा, साकव माझ्याकडे लागला."

हा शब्द मी पाड्यावर नेला, माझंच चुकलं. तिथली एक बाई स्टेशनाबाहेर करवंदं, रानभाज्या विकायची. तिची पोरगी चौथीत, हुशार. पाचवीला खर्डीत यायचं तर साकव हवाच. तिने विचारलं, "बाय, नक्की व्हईल ना गो साकव?" मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. तिने खातं काढलं, तिच्यामागे अख्ख्या पाड्याने काढलं. दर महिन्याला मी चढ चढून पैसे आणायची, पोस्टात भरायची आणि पुस्तकावर शिक्का घेऊन ते परत नेऊन द्यायची.

तीन पावसाळे गेले. ओढा होता तसाच होता. पोरगी पाचवीत बसली, पहिल्याच पावसाळ्यात शाळा सुटली ती सुटलीच. मी तणतणत शहापूर गाठलं.

साहेब हसले. "अहो बाई, कर्ज आलं ना! पगारात गेलं, जुन्या कर्जाच्या व्याजात गेलं. खर्चाला कात्री लावायची तर पहिली बांधकामाला लागते. साकव बांधला असता तर तीस वर्षं टिकला असता, हे मलाही कळतं. पण पगार थांबवता येतो का?" मग शेजारच्या कारकुनाकडे वळून म्हणाले, "कमिशनच्या बाया या, यांना तूट काय कळणार!"

आग लागली माझ्या अंगाची. मेल्या, कळते मला तूट. घरात मीठमिरचीसाठी उसने आणले तर ते पोटात जातात आणि फेड डोक्यावर राहते, एवढं मला सासरी आल्याच वर्षी कळलं होतं. पण तेवढ्यात मला दुसरीच गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, राज्याला वाटा मिळतो तो निव्वळ जमेवर. भरलेले वजा काढलेले. तालुक्याचा नंबरही त्यावरच लागायचा. त्या वर्षी आमचा तालुका पहिला येणार आणि साहेबांचा सत्कार होणार, असं ठरूनच गेलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले. म्हटलं, "तीन वर्षं झालीत, खाती मोडता येतात. व्याज कमी मिळेल, माझं कमिशनही बुडेल. पण साकव न देणाऱ्या साहेबाची जिरेल." बाया उठल्याच. पोस्टात एका दिवशी एवढी रोकड नसते, म्हणून रोज थोड्या थोड्या नेल्या. मग खालच्या पाड्यांनाही वास लागला. माझ्यासारख्याच फसलेल्या दोन एजंट बायांनी आपापल्या बाया आणल्या. खुशाल सांगते, असं सुख मला कशात मिळालं नाही.

चौथ्या दिवशी साहेबांची जीप दारात. मी चहाही विचारला नाही.

"बाई, हे काय मांडलंय?"

"तूट भरतेय, साहेब. माझ्या बायांच्या घरची."

"सरकारचं काही अडत नाही. दुसरीकडून कर्ज काढेल."

"काढू दे की! पण साकवाच्या नावाने नको."

मग ते नरमले. एकतीस तारखेपर्यंत पैसे परत भरा, पुढच्या वर्षी साकव नक्की, म्हणाले. मी वहीचा कोरा कागद पुढे केला. "लेखी द्या." त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. तालुका पहिला आला नाही. सत्काराचा हार दुसऱ्याच साहेबाच्या गळ्यात पडला. ऐकलं तेव्हा मी साखर खाल्ली.

त्याच संध्याकाळी करवंदवाली भेटली. मोडलेल्या खात्याचे पैसे अजून पदरात बांधलेले. म्हणाली, "साहेबाची जिरली ना? मंग आता तरी व्हईल ना साकव?"

तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं. "नाय गो."

ती पदराची गाठ चाचपत म्हणाली, "आधी सांगतीस तर याच पैशात पोरीला पावसाळ्याचं खर्डीत कुनाकडं ठेवली असती. आता लगीन ठरलंय तिचं."