पंधरा मिनिटं, गेटवर

इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी आमच्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याला कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ओळखदेख नव्हती. "नोकरी नको, सल्ला हवा. पंधरा मिनिटं द्या. दिवस, वेळ तुम्ही ठरवा." सोबत उत्तरासाठी माझा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड. त्यावरच उत्तर आलं: बुधवारी साडेतीनला, पाळी सुटल्यावर, नागापूरला कंपनीच्या गेटवर.

कर्जतहून एसटीने मी दोनलाच पोचले. साडेतीनला ते सर बाहेर आले आणि त्यांनी बायोडाटासाठी हात पुढे केला.

"तो आणला नाही, सर. प्रश्न आणलेत."

शॉपवर, म्हणजे मशीनवर, सुरुवात करावी की ड्रॉइंग ऑफिसात, सगळं त्यांनी नीट सांगितलं. पंधरा मिनिटं होताच मी वही मिटली.

"मुलींना मशीनवर घेतात का, ते विचारलं न्हाईस."

"उत्तर काहीही असलं तरी अर्ज मी करणारच आहे, सर. त्यात मिनिटं कशाला घालवू?"