खिशातली चिठ्ठी

इस्त्रीवाल्याच्या लेकीला कालपासून ताप होता आणि आज वर्गात कवितेची तोंडी परीक्षा होती. "चिठ्ठी नसेल तर बाई शून्य देतात," ती पांघरुणातून दुसऱ्यांदा म्हणाली.

त्याने चिठ्ठी लिहिली, 'मुलीला ताप आहे. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली आहे. आज व उद्या रजा द्यावी, ही विनंती.' खाली सही केली, चिठ्ठी नेहमीसारखी तिच्या गणवेशाच्या खिशात सरकवली आणि सवयीने वरून इस्त्रीही फिरवली.

"अहो, गणवेश एकटाच जाणार का शाळेत?" बायको म्हणाली.

तो चिठ्ठी काढून तसाच निघाला. एवढ्या वर्षांत शाळेच्या फाटकाच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. बाई वर्गाच्या दारात हजेरी घेत होत्या. त्याने दोन्ही हातांनी चिठ्ठी पुढे केली.

बाईंनी ती वाचली. "इतकी सपाट चिठ्ठी पहिल्यांदाच पाहतेय," त्या हसून म्हणाल्या आणि त्यांनी ती हजेरीपटात ठेवली. "बरी होऊन येऊ दे. तोंडी परीक्षा नंतर घेईन."

घरी लेक वाटच पाहत होती. "बाबा, बाई काय म्हणाल्या?"

"आधी ताप उतरव म्हणाल्या. कविता थांबेल."

तिने कूस बदलली आणि बऱ्याच वेळाने डोळे मिटले. त्याने गणवेश उचलून परत खुंटीला अडकवला.